वारसाने आलेला फ्लॅट : शोध अहवालात न दिसणारे मालक

प्रश्न : आम्ही पुण्यात एका सहकारी गृहनिर्माण संस्थेतला जुना फ्लॅट घेत आहोत. फ्लॅट विक्रेत्याच्या वडिलांच्या नावे होता. ते सव्वा वर्षापूर्वी वारले. नॉमिनेशन मुलाच्या नावे असल्यामुळे सोसायटीने शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावे करून दिले आहे. वकिलांचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आला आहे आणि त्यात कोणताही बोजा नाही. आता साठेखत करायला हरकत आहे का?

उत्तर :

आपण सांगितलेल्या माहितीवर साठेखत करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वकिलांचा अहवाल चुकीचा आहे असे मला म्हणायचे नाही. तो अहवाल दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदींवरून तयार होतो आणि त्या कार्यालयात फक्त नोंदलेले दस्त असतात. माणसाचा मृत्यू हा दस्त नव्हे. वडील ज्या क्षणी वारले त्याच क्षणी त्यांची मालकी कायद्याने वारसांकडे गेली, त्यासाठी कोणालाही सही करावी लागली नाही, मुद्रांक भरावा लागला नाही आणि सूची क्रमांक २ मध्ये एक ओळही वाढली नाही. म्हणून वारसाहक्काने आलेल्या मिळकतीचा सर्च रिपोर्ट कोरा येणे हे स्वाभाविक आहे. आज मालक कोण आहेत, या प्रश्नाचे उत्तर त्यात नसते.

दक्षिणेकडील राज्यांत निबंधक कार्यालय स्वतः बोजा प्रमाणपत्र देते. आपल्याकडे बहुधा वकील किंवा सर्च क्लार्क शासनाची शोध फी भरून सूची पाहतो आणि पावतीसह अहवाल देतो. नाव वेगळे असले तरी दोन्हींची मर्यादा एकच आहे. विक्री, नोंदणीकृत गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, मोठ्या मुदतीचा भाडेपट्टा हे त्यात दिसेल. वारस किती आहेत, त्यांपैकी कोणी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, आहे का, दिवाणी दावा चालू आहे का, हे त्यात दिसणार नाही. मृत्युपत्राचेही तसेच आहे. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, आणि जे नोंदवलेले असते ते निबंधकांच्या तिसऱ्या क्रमांकाच्या पुस्तकात जाते, जे मिळकतींच्या नेहमीच्या शोधात उघडलेच जात नाही. मात्र नोंदणी कायद्याच्या कलम 57 नुसार मृत्युपत्र करणारा वारल्यानंतर त्या नोंदीची नक्कल कोणीही अर्ज करून मागू शकतो. वडील जिथे राहत होते तिथल्या कार्यालयात मृत्यूचा दाखला जोडून हा स्वतंत्र अर्ज करावा, असे मी पक्षकारांना नेहमी सांगतो. फार थोडे लोक तो करतात.

आता नॉमिनेशनबद्दल. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी जे स्वतंत्र प्रकरण आले, त्यातील कलम 154ब-13 प्रमाणे नॉमिनीला संस्था तात्पुरता सभासद करून घेते, आणि तेही कायदेशीर वारस किंवा हक्कदार व्यक्ती सभासद होईपर्यंत. म्हणजे सोसायटीला पत्रव्यवहार कोणाशी करायचा आणि देखभाल खर्च कोणाकडून घ्यायचा, एवढाच प्रश्न नॉमिनेशनने सुटतो. फ्लॅट कोणाचा, हे वारसा कायदा ठरवतो. म्हणून आपल्या विक्रेत्याच्या नावाचे शेअर सर्टिफिकेट पाहून समाधान मानू नका. त्यामागची सोसायटीची फाइल पाहायला मागा. नॉमिनेशन फॉर्म, सभासदत्वाचा अर्ज आणि त्यासोबतचे क्षतिपूर्ती बंधपत्र हे तीन कागद वाचण्यासारखे असतात. अर्ज करताना विक्रेत्याने वारस म्हणून कोणाची नावे लिहिली होती हे त्यात दिसते, आणि तीच नावे आज आपल्याला सांगितली जात आहेत का, हे ताडून पाहता येते.

वारस मोजताना नेमके काय सुटते, हे मी हाताळलेल्या एका प्रकरणावरून सांगतो. त्यातील माणसे ओळखू येणार नाहीत एवढा तपशील बदलला आहे, हिशेब मात्र तोच आहे. परिस्थिती आपल्यासारखीच होती. फ्लॅट वडिलांनी स्वतःच्या नोकरीच्या पैशातून घेतलेला, मृत्युपत्र नाही, नॉमिनी मुलगा. मुलाने प्रतिज्ञापत्रावर तीन वारस दाखवले : विधवा आई, तो स्वतः आणि विवाहित बहीण. तिघांचा तिसरा-तिसरा हिस्सा, बहीण हक्कसोडपत्र द्यायला तयार, आईची संमती. सर्च रिपोर्ट स्वच्छ होता आणि खरेदीदारांना घाई होती.

मी दोन गोष्टी मागितल्या. पहिली, कुटुंबाची जुनी शिधापत्रिका. दुसरी, एका साध्या प्रश्नाचे लेखी उत्तर : वडील वारले त्या दिवशी त्यांची आई हयात होती का? शिधापत्रिकेवर आणखी एका मुलीचे नाव निघाले. ती वडिलांच्या आधी सहा वर्षे वारली होती आणि तिला दोन मुले होती, एकवीस वर्षांची मुलगी आणि सतरा वर्षे चार महिन्यांचा मुलगा. घरच्यांनी लपवाछपवी केली असे मला वाटत नाही. मुलगीच राहिली नाही, मग तिचा हिस्सा कसला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे आले की आजी तेव्हा हयात होत्या आणि मुलाच्या पाठोपाठ आठ महिन्यांनी गेल्या.

हिंदू वारसा कायदा 1956 च्या कलम 8 नुसार मृत्युपत्राशिवाय वारलेल्या हिंदू पुरुषाची मिळकत प्रथम वर्ग एकच्या वारसांकडे जाते. त्या वर्गात पत्नी, मुलगे आणि मुली आहेत, तशी मृताची आईही आहे, आणि आधीच वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलेही आहेत. वडील मात्र त्यात नाहीत, ते पुढच्या वर्गात येतात. आई पहिल्या वर्गात आहे हे अनेकांच्या, कधीकधी वकिलांच्याही, लक्षात राहत नाही. कलम 10 प्रमाणे वाटणी केली तर पत्नी, मुलगा, हयात मुलगी आणि आई यांना एकेक हिस्सा मिळतो आणि वारलेल्या मुलीच्या शाखेला मिळून एक हिस्सा. म्हणजे तीनऐवजी पाच हिस्से झाले. प्रत्येकी एक पंचमांश, आणि दोन नातवंडांना प्रत्येकी एक दशांश. वारलेल्या मुलीच्या नवऱ्याला यात काही मिळत नाही.

इथे थांबता आले नसते, कारण आजीला मिळालेला एक पंचमांश हिस्सा त्या वारल्यावर पुन्हा वारसांकडे गेला, आणि या वेळी वारस वेगळे होते. स्त्रीच्या मिळकतीला कलम 15 लागते. त्यात पहिल्या क्रमांकावर मुलगे, मुली आणि पती येतात, आणि आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलेही. आजोबा पूर्वीच वारले होते. आजींना तीन अपत्ये : फ्लॅटचे मूळ मालक, जे त्यांच्या आधी वारले, आणखी एक मुलगा आणि एक मुलगी. म्हणजे विक्रेत्याचे काका आणि आत्या. तेव्हा आजींच्या पंचमांशाचे तीन भाग झाले. काकांना फ्लॅटचा एक पंधरांश, आत्यांना एक पंधरांश, आणि उरलेला एक पंधरांश मूळ मालकाच्या हयात मुलांना, म्हणजे विक्रेता आणि त्याची बहीण यांना, निम्मा-निम्मा. वारलेल्या मुलीची मुले आजींच्या वारशात येत नाहीत, कारण ती आजींची पणतवंडे होतात आणि कलम 15 तिथपर्यंत जात नाही.

सगळे तिसांशात मांडले तर विक्रेता सात, बहीण सात, आई सहा, नातवंडे तीन-तीन, काका दोन, आत्या दोन. बेरीज तीस येते. ज्या फ्लॅटचा एकच मालक आहे असे शेअर सर्टिफिकेट सांगत होते आणि तीन आहेत असे प्रतिज्ञापत्र सांगत होते, त्याचे खरे मालक सात होते. यांपैकी एकही गोष्ट सूची क्रमांक २ मध्ये नव्हती आणि असू शकत नव्हती. काका आणि आत्यांना आपला हिस्सा आहे हे माहीतही नव्हते. परंतु हक्क माहीत नसला म्हणून नाहीसा होत नाही, आणि दहा वर्षांनी काकांच्या मुलांपैकी एखाद्याने वाटपाचा दावा लावला असता तर त्यात प्रतिवादी म्हणून खरेदीदार उभे राहिले असते.

म्हणून आपल्या विक्रेत्याकडून वंशावळ प्रतिज्ञापत्रावर घ्या, आणि ती तीन प्रश्नांवर घासून पाहा. मृत्यूच्या तारखेला मृताची आई हयात होती का? मृताचे एखादे अपत्य त्याच्या आधी वारले आहे का, आणि त्याला मुले किंवा पत्नी मागे आहे का? मृताच्या नंतर आजपर्यंत वारसांपैकी कोणी वारले आहे का? प्रत्येक उत्तराला मृत्यूचा दाखला जोडलेला असावा, आणि दाखल्यांवरील तारखांचा क्रम स्वतः लावून पाहावा, कारण याच क्रमावर हिस्से बदलतात. पडताळणीसाठी जुनी शिधापत्रिका, निवृत्तिवेतनाच्या कागदांतील कुटुंबाचा तपशील आणि गावाकडे शेती असल्यास तिथली वारस नोंद उपयोगी पडते. त्या वारस नोंदीत आत्या आणि बहिणींची नावे असतात, जी शहरातल्या प्रतिज्ञापत्रातून गळलेली असतात.

आपले विक्रेते हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर हा कायदा लागू होतो. मुस्लिम, ख्रिस्ती किंवा पारशी कुटुंब असेल तर वारस आणि हिस्से वेगळ्या कायद्याने ठरतात आणि वरचा हिशेब तिथे लावू नये. त्याचप्रमाणे मिळकत वडिलोपार्जित असेल, आणि प्लॉटच्या बाबतीत ती बरेचदा असते, तर 2005 च्या दुरुस्तीने मुली जन्मतः सहहिस्सेदार झाल्या आहेत, आणि 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की त्यासाठी 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असण्याची गरज नाही.

वारस निश्चित झाले की पुढचा प्रश्न सह्यांचा. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे सगळे वारस खरेदीखतात 'लिहून देणार' म्हणून येणे. दुसरा मार्ग, इतरांनी विक्रेत्याच्या लाभात नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देणे आणि मग विक्रेत्याने एकट्याने विकणे. दोन्ही चालतात. मात्र स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर केलेले हक्कसोडपत्र चालत नाही. स्थावर मिळकतीतला हक्क सोडण्याचा दस्त नोंदलेलाच असावा लागतो, आणि नोटरीच्या शिक्क्याने ती उणीव भरून निघत नाही. माझ्याकडे येणाऱ्या वारसाच्या फायलींत हा कागद इतक्या वेळा सापडतो, आणि इतक्या विश्वासाने दाखवला जातो, की हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. सक्सेशन सर्टिफिकेट दाखवले गेले तर तेही लक्षात घ्या की ते येणी आणि रोखे यांच्यासाठी असते, घराच्या मालकीसाठी नव्हे. दिवाणी न्यायालयाने 1827 च्या रेग्युलेशनखाली दिलेला वारस दाखला अधिक उपयोगी आहे, कारण त्याआधी जाहीर नोटीस निघते आणि हरकती ऐकल्या जातात. तरीही सुटलेल्या वारसाचा हक्क त्यानेही संपत नाही.

अज्ञान वारस असेल तर विशेष काळजी घ्यावी लागते. वर सांगितलेल्या प्रकरणातील मुलाचे वडील पालक म्हणून सही करायला तयार होते. परंतु हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा 1956 च्या कलम 8 प्रमाणे अज्ञानाची स्थावर मिळकत विकायला नैसर्गिक पालकालाही न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. परवानगीशिवाय केलेला दस्त मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत रद्द करून मागू शकते. हक्कसोडपत्रालाही हेच लागू आहे, किंबहुना मोबदला न घेता सोडलेला अज्ञानाचा हिस्सा न्यायालयात टिकवणे आणखी कठीण जाते. मुलगा आठ महिन्यांत अठराचा होणार होता, म्हणून मी अर्ज करण्याऐवजी थांबण्याचा सल्ला दिला. तो सज्ञान झाला, त्याने स्वतः सही केली आणि त्याच्या हिश्शाचे पैसे त्याच्या स्वतःच्या खात्यात धनादेशाने जमा झाले. मूल दहा वर्षांचे असते तर जिल्हा न्यायालयाच्या परवानगीला पर्याय नव्हता.

आता बोजाकडे येतो, कारण तिथेही मृत्यूमुळे एक फट पडते. शोध बहुतेक वेळा मिळकतीच्या वर्णनावरून घेतला जातो : सर्व्हे नंबर, इमारत, फ्लॅट क्रमांक. जुन्या दस्तांत काही ठिकाणी फक्त सोसायटीचे नाव असते, काही ठिकाणी जुना सर्व्हे नंबर असतो, आणि अशा दस्ताला वर्णनावरचा शोध चुकवून जातो. म्हणून मृताच्या नावावरून वेगळा शोध घ्या, आणि प्रत्येक वारसाच्या नावावरून मृत्यूच्या तारखेपासून आजपर्यंतचा शोध घ्या. वारसापैकी एखाद्याने आपला अविभक्त हिस्सा दरम्यान कोणाला लिहून दिला असेल तर तो दस्त वारसाच्या नावाखाली सापडेल. igrmaharashtra.gov.in वरील ई-सर्चमध्ये नावाने शोधता येते, पण मराठी लेखनात एका काना-मात्रेचा फरक असला तरी नोंद निसटते, त्यामुळे नाव दोन-तीन प्रकारे लिहून पाहावे. संगणकीकरणापूर्वीची वर्षे हाताने पाहावी लागतात. अहवालात 'पाने फाटलेली', 'सूची तयार नाही' असे शेरे असतील तर ती वर्षे तपासलेली नाहीत असेच धरावे. शेवटचे पान वाचून फाइल बंद करणाऱ्यांच्या नजरेतून हेच शेरे सुटतात.

बँकेकडे मूळ कागद ठेवून घेतलेले कर्ज हा बोजाचा सर्वांत निसटता प्रकार आहे. असे गहाण तोंडी व्यवहाराने आणि कागद हवाली करून होते. महाराष्ट्रात 2013 पासून त्याची सूचना तीस दिवसांत निबंधक कार्यालयात दाखल करावी लागते, म्हणून नंतरची गहाणे बहुधा दिसतात. त्याआधीची दिसतीलच असे नाही. त्यासाठी CERSAI या केंद्रीय नोंदणीत मिळकतीवरून शोध घ्यावा, आणि त्यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे बिल्डरच्या करारापासूनचे मूळ दस्त प्रत्यक्ष हातात घेऊन पाहावेत. वारस म्हणतात, 'बाबांनी कागद कुठे ठेवले माहीत नाही.' हे खरेही असू शकते, पण ते कागद एखाद्या पतसंस्थेच्या कपाटात नाहीत हे सिद्ध होईपर्यंत पैसे देऊ नका. मृताच्या बँक खात्याचे शेवटच्या दोन-तीन वर्षांचे उतारे मागा. दरमहा एकाच तारखेला जाणारी एकाच आकड्याची रक्कम दिसली तर ती कशाची, हे विचारा. कर्ज मृत्यूने फिटत नाही, वारसांना मिळकत त्या बोजासहच मिळते. सोसायटीकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या आणि तिच्या नोंदवहीत त्या शेअर्सवर कोणाचा धारणाधिकार लिहिलेला आहे का, तेही विचारा.

दाव्यांचा शोध सोपा आहे आणि तरी टाळला जातो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर मृताचे आणि प्रत्येक वारसाचे नाव टाकून पुणे जिल्ह्यातील न्यायालये पाहावीत. वाटपाचा दावा चालू असताना घेतलेली मिळकत मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 52 मुळे दाव्याच्या निकालाला बांधलेली राहते. वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस जरूर द्या, मुदत सहसा चौदा किंवा पंधरा दिवसांची असते, पण तिचा उपयोग हरकत लवकर कळावी एवढाच आहे. नोटीस न वाचलेल्या वारसाचा हिस्सा तिने बुडत नाही.

प्लॉट असता तर एक भाग वेगळा पडला असता. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर वारस नोंद झालेली दिसते आणि लोकांना वाटते की मालकी ठरली. फेरफार महसूल वसुलीसाठी असतो, त्याने मालकी निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. वारस फेरफाराची नक्कल काढा आणि त्यात बहिणींनी तलाठ्यापुढे 'हक्क सोडतो' असा जबाब दिल्याचे लिहिलेले असेल तर त्यांच्या सह्या आज नव्याने, नोंदणीकृत दस्तावर घ्या. नावाआधी 'ए.कु.मॅ.' लिहिलेले असेल तर ते एकट्याचे नाव नव्हे, त्यामागे एकत्र कुटुंब उभे आहे. 'अ.पा.क.' असेल तर अज्ञान व्यक्ती कोण होती आणि ती आता कुठे आहे, ते शोधा.

आपण विसार अजून दिला नसेल तर आधी एक छोटे पत्र करून घ्या : सर्व वारसांच्या सह्यांचा दस्त आणि नावांवरील शोध पूर्ण होईपर्यंत नाममात्र रक्कम, आणि नवीन वारस निघाल्यास ती विनाकपात परत. विक्रेत्याच्या मनात खोट नसेल तर तो ही अट नाकारत नाही. साठेखत आणि खरेदीखत यांच्यामध्ये महिने जाणार असतील तर खरेदीखताच्या आदल्या दिवशी नावांवरचा शोध पुन्हा घ्या, आणि सगळे वारस हयात आहेत याचीही त्याच दिवशी खात्री करा. परदेशातील वारस कुलमुखत्यारपत्राने सही करत असेल तर हे अधिकच आवश्यक आहे, कारण मुखत्यारपत्र देणारा वारला की ते त्याच क्षणी संपते आणि वर मांडलेला हिश्शांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.